व्हॅनवाल्या काकांचं पत्रक

जूनच्या आधी पंधरा दिवस सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये, किराणा दुकानाच्या काउंटरवर आणि शाळेच्या फाटकाबाहेर एकाच साच्यातली पत्रकं दिसू लागतात. वर गणपती, खाली पिवळ्या व्हॅनचं चित्र, मध्ये ठळक अक्षरांत ‘सुरक्षित, वेळेवर आणि माफक दरात’, त्याखाली ‘अनुभवी चालक’, ‘घरच्यासारखी काळजी’ आणि दोन मोबाइल नंबर. पाच व्हॅनवाल्यांची पाच पत्रकं शेजारी ठेवली तर नंबर सोडून काही बदलत नाही. मग पालक काय करतात? पत्रक घडी घालून ठेवतात आणि शेजारच्या वहिनींना विचारतात, ‘तुमच्याकडे कोणते काका येतात हो?’

पत्रकाचं खरं काम या प्रश्नाच्या आधी व्हायला हवं. ते होत नाही, कारण पत्रक लिहिणारा पालकांच्या भीतीला नाव देतो आणि तिथेच थांबतो. ‘सुरक्षित’ हे पालकांच्या मनातलं हवंपण झालं. ते कसं साधणार, हे व्हॅनवाल्याने सांगायचं असतं. शाळेच्या व्हॅनच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सुरक्षितता आणि वक्तशीरपणा ही दोन वचनं पत्रकावर शेजारी बसतात, पण रस्त्यावर ती एकमेकांचे पाय ओढतात.

या पेचाचं सगळ्यांत महागडं उदाहरण पिझ्झाचं आहे. अमेरिकेत डॉमिनोज कंपनी ‘३० मिनिटांत पोचलो नाही तर सूट’ असं वचन देत असे. १९८९ मध्ये सेंट लुइस शहरात कंपनीच्या एका चालकाने लाल सिग्नल तोडून एका बाईंच्या गाडीला धडक दिली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या ज्युरीने कंपनीला सुमारे आठ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली आणि त्याच महिन्यात कंपनीने अमेरिकेतलं ते वचन मागे घेतलं. पुढे त्या बाईंशी कमी रकमेवर तडजोड झाली, पण वचन परत आलं नाही. घड्याळावर पैसे लावले की ते पैसे चालकाच्या उजव्या पायावर जाऊन बसतात. पिझ्झाच्या गाडीत निदान मुलं नसतात. ‘उशीर झाल्यास पैसे परत’ अशी ओळ शाळेच्या व्हॅनच्या पत्रकावर दिसली, तर मी माझं मूल त्या व्हॅनमध्ये बसवणार नाही.

मग वक्तशीरपणाचं वचन द्यायचंच नाही का? द्यायचं, पण उशीर कुठे तयार होतो ते आधी बघून.

समजा, शाळेचं फाटक ७ वाजून १० मिनिटांनी बंद होतं. व्हॅनला सहा थांबे आणि दहा मुलं आहेत. पहिल्या थांब्यावर गाडी ६.२५ ला लागते. तिथपासून शाळेपर्यंत नुसतं चालवायला २३ मिनिटं लागतात. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं धरली तर सहा थांब्यांची १२. म्हणजे गाडी ७ वाजता शाळेत पोचते आणि हाताशी दहा मिनिटं उरतात. कागदावर सगळं छान आहे.

आता प्रत्येक थांब्यावर दोनऐवजी पाच मिनिटं जाऊ द्या. एकाचा बूट सापडत नाही, एकीची वेणी राहिलेली असते, एकाचा डबा वरच विसरतो आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली असते. यांतलं कोणतंही कारण खोटं नसतं. पण तीन-तीन मिनिटं सहा वेळा म्हणजे अठरा मिनिटं. गाडी ७.१८ ला पोचते आणि फाटक आठ मिनिटांपूर्वीच बंद झालेलं असतं. सहाव्या थांब्यावरच्या आईला गाडी रोज पंधरा मिनिटं उशिरा येताना दिसते. तिचं मूल वेळेआधी खाली येऊन उभं असतं. ती ग्रुपवर लिहिते, ‘काका, आजही लेट.’ आधीच्या पाच इमारतींत काय घडलं, हे तिला दिसत नाही आणि काका ते लिहू शकत नाहीत, कारण त्या पाच घरांचीही फी येते.

काका मग काय करतात? शेवटच्या टप्प्यात गाडी दामटतात. शेवटचा टप्पा चार किलोमीटरचा धरू. महाराष्ट्राच्या स्कूलबस नियमांनी शहरी हद्दीत ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली आहे. त्या वेगाने चार किलोमीटरला सहा मिनिटं लागतात. ताशी ६० ने, नियम मोडून आणि मधे एकही सिग्नल न लागता, चार मिनिटं. म्हणजे दहा मुलांना घेऊन एवढा धोका पत्करला तरी वाचली फक्त दोन मिनिटं. एखादा सिग्नल लागला की तीही गेली. थांब्यांवर गेलेली अठरा मिनिटं रस्त्यावर भरून निघत नाहीत.

म्हणून वक्तशीरपणाचं वचन थांब्याबद्दल लिहावं. ‘तुमच्या थांब्यावर गाडी ६.४० ते ६.४५ च्या दरम्यान येईल आणि दोन मिनिटं थांबेल. मूल खाली नसेल तर एकदा हॉर्न देऊ, मावशी एक फोन करतील आणि गाडी पुढे जाईल.’ हे वाचून काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्यावी. हे वाक्य ज्यांना जाचक वाटतं, त्यांचीच मुलं बाकीच्या नऊ मुलांना उशीर करणार असतात आणि ज्यांना ते आवडतं, ते पालक वर्षभर टिकतात. या वाक्यात ‘६.४० ला’ असं लिहिलेलं नाही, हेही बघा. नेमकं मिनिट छापलं की पहिल्याच पावसात ते खोटं ठरतं. पाच मिनिटांची मुभा ठेवली तर वचन पाळता येतं आणि पालकांनाही खाली कधी उतरायचं ते कळतं.

याचा दुसरा अर्धा भाग खबरीचा आहे. पालकांना उशिराचा जितका त्रास होतो, त्याहून जास्त त्रास काहीच न कळण्याचा होतो. गेटवर पोराचा हात धरून उभं असताना ‘गाडी येतेय की आलीच नाही?’ हा प्रश्न वाईट. तेव्हा लिहायचं, ‘दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर थांब्याची वेळ होण्याआधी निरोप येईल.’ निरोप कोण देणार, हेही त्याच ओळीत हवं. चालकाने स्टिअरिंगवर बसून फोन करायचा नसतो. तो निरोप मदतनीस मावशींनी द्यायचा किंवा घरी बसलेल्या व्हॅनवाल्याच्या बायकोने. अनेक ठिकाणी प्रत्यक्षात तीच सगळा धंदा सांभाळत असते आणि पत्रकावर तिचं नावही नसतं. पत्रकावर दोन नंबर असतातच. त्यांपुढे एवढंच लिहा, की पहिला नंबर मावशींचा, सकाळी सहा ते साडेसात. दुसरा घरचा, दिवसभर. चालकाचा नंबर छापू नका, म्हणजे चालत्या गाडीत तो वाजणार नाही.

पुढे सुरक्षिततेकडे येऊ. ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे तर कोणालाच म्हणता येत नाही. इथे जाहिरातीच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकी जाहिरातलेखक एका बिअर कंपनीसाठी काम करत होता. सगळ्या कंपन्या ‘शुद्ध, शुद्ध’ असं ओरडत होत्या. त्याने कारखाना फिरून पाहिला. बाटल्या वाफेने कशा धुतात, पाणी किती खोल विहिरीतून आणतात, हवा कशी गाळतात, हे सगळं बघितलं आणि तेच जाहिरातीत लिहिलं. मालक म्हणाले, हे तर सगळेच करतात. हॉपकिन्सचं म्हणणं असं, की करतात सगळे, पण सांगितलं कुणीच नाही. चांगल्या व्हॅनवाल्यांचं नेमकं असंच होतं. ते रोज जे करतात ते त्यांना इतकं किरकोळ वाटतं, की पत्रकावर लिहायचं सुचत नाही. तिथे ‘घरच्यासारखी काळजी’ छापलं जातं.

एका व्हॅनवाल्याशी बोलताना मी विचारलं, शेवटचं मूल उतरल्यावर काय करता?

‘काय करणार, मागे जाऊन बघतो,’ ते म्हणाले. ‘बाटल्या राहतात, स्वेटर राहतात. एखादं पोरगं झोपलेलंही असतं.’

‘हे पत्रकावर का नाही?’

‘यात काय लिहायचं?’

यातच सगळं आहे. झोपलेलं मूल मागच्या सीटवर राहणं आणि गाडी उन्हात बंद होणं, ही व्हॅनमधली खरी भीती आहे. काचा बंद असलेल्या गाडीत एप्रिलच्या दुपारी थोड्याच वेळात जीव घुसमटेल इतकं तापतं. अमेरिकेत अनेक स्कूलबसमध्ये यासाठी गाडीच्या मागच्या टोकाला बटण बसवतात. इंजिन बंद केल्यावर चालकाने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन ते दाबलं नाही तर भोंगा वाजतो. आपल्या काकांकडे बटण नाही, सवय आहे. ती अशी लिहावी: ‘प्रत्येक फेरीनंतर चालक दार उघडून शेवटच्या सीटपर्यंत स्वतः बघतो आणि मगच गाडी लावतो.’ हे वाचणाऱ्या आईला कळतं, की हा माणूस तिला पडतात त्याच प्रश्नांचा विचार करून बसला आहे.

तसंच दुपारच्या उतरण्याचं. सकाळी मूल चढवताना कुणीतरी घरचं असतंच. दुपारी नसतं. आजीला डोळा लागलेला असतो किंवा आई ऑफिसमधून निघून सिग्नलला अडकलेली असते. मूल वॉचमनकडे सोडून गाडी पुढे जाते आणि बहुतेक वेळा काही होत नाही. पण वचन ‘बहुतेक वेळा’साठी लिहीत नाहीत. ‘मूल तुम्ही लिहून दिलेल्या तीन माणसांपैकी कुणाच्या तरी हातात देऊ. कुणीच नसेल तर मूल गाडीतच राहील, बाकीची मुलं सोडून होईपर्यंत, आणि तुम्हाला फोन येईल. वॉचमनकडे सोडणार नाही.’ यातला शेवटचा तुकडा काढू नये. वॉचमनकडे का सोडत नाही, असं विचारणारे पालक निघतात. त्यांच्याशी पत्रकातच बोलणं झालेलं बरं.

कागदपत्रांच्या बाबतीत पत्रकवाले ‘सर्व कागदपत्रे पूर्ण’ असं छापतात. याऐवजी गाडीचा नंबर छापावा. पालकाने तो mParivahan अ‍ॅपवर टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती दिसतात. नंबर छापणारा व्हॅनवाला जणू म्हणतो, ‘बघा हवं तर.’ त्याहून साधी तपासणी नंबरप्लेटची आहे आणि ती गेटवर उभं राहूनही करता येते. भाड्याने मुलं नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. विजेवर चालणारी असेल तर हिरव्यावर पिवळी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. अशा गाडीतून फी घेऊन मुलं नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. रंग पिवळा आणि प्लेट पांढरी, अशी व्हॅन दिसली तर पत्रक कितीही गोड असो, पुढे विचारायची गरज नाही.

माणसांबद्दलही असंच. ‘अनुभवी चालक’ याऐवजी चालकाचं नाव, बॅज आहे की नाही आणि पोलीस पडताळणी कोणत्या महिन्यात झाली, एवढं लिहावं. गाडीत मुली असतील तर मदतनीस बाई असायला हवी, हे २०११ च्या महाराष्ट्र स्कूलबस नियमांतही आहे. तेव्हा ‘आमच्याकडे मावशी असतात’ हे उपकाराच्या सुरात लिहू नये. आणि खरा प्रश्न रोजच्या काकांचा नसतोच. पालक काकांना ओळखतात, मुलं तर त्यांच्या गाडीतली गाणीही ओळखतात. प्रश्न त्या दिवसाचा असतो, ज्या दिवशी काका गावी जातात आणि कुणीतरी भाचा गाडी घेऊन येतो. मूल सकाळी सहा चाळीसला अनोळखी माणसाच्या गाडीत चढायचं की नाही, हे आईला अर्ध्या मिनिटात ठरवावं लागतं. ‘बदली चालक असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत त्याचं नाव, फोटो आणि लायसन्स ग्रुपवर येईल. आलं नसेल तर मूल पाठवू नका, आम्हाला फोन करा.’ मी पाहिलेल्या एकाही पत्रकावर ही ओळ नाही. माझ्या मते ती सगळ्यांत वर हवी.

गाडी आलीच नाही तर? पंक्चर, क्लच, बॅटरी, काहीही होऊ शकतं. उशिरावर पैसे लावू नयेत असं वर म्हटलं, पण गाडी न येण्यावर लावायला हरकत नाही, कारण तिथे वेगाने काही सुटत नाही. ‘गाडी बंद पडली तर आम्ही दुसरी सोय करू. ती जमली नाही तर तुमचं रिक्षाचं मीटरभाडं पुढच्या महिन्याच्या फीतून वजा.’ यामुळे चालकाला गाडी दामटायची घाई होत नाही. उलट मालकाला सर्व्हिसिंग वेळेवर करावंसं वाटतं.

काही गोष्टी लिहूच नयेत. जीपीएस असेल तर आहे म्हणून लिहावं, पण त्याला सुरक्षिततेचा पुरावा करू नये. जीपीएसने गाडी कुठे अडकली ते कळतं, ती सुटत नाही. थांब्यांची नावं आणि वेळा मात्र लिफ्टमध्ये लावायच्या पत्रकावर अजिबात छापू नयेत. अमक्या गेटवर अमक्या वेळी लहान मुलं उभी असतात, ही माहिती फक्त त्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे. प्रवेश घेताना ती वेगळ्या कागदावर द्यावी. आणि शाळेचं नाव शाळेशी करार असेल तरच वापरावं. नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. पत्रकावरचं शाळेचं नाव खरं आहे का, हे पालक तिथे विचारू शकतात.

हे सगळं छापलं की ते नुसतं पत्रक राहत नाही, याची व्हॅनवाल्यांना भीती वाटते आणि ती योग्यच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ठरवताना कायद्याने जे करायला हवं ते तर बघतातच, पण पुरवठादाराने जे करायचं कबूल केलं तेही बघतात. दिशाभूल करणारी जाहिरात हा त्याच कायद्यात वेगळा विषय आहे. म्हणून पत्रक लिहिताना एक चाळणी लावावी: हे मी जुलैतल्या सर्वांत वाईट सोमवारी करू शकेन का? मुसळधार पाऊस, मावशींना ताप, एक पूल पाण्याखाली आणि शाळेचा ‘आज अकराला सोडतोय’ असा मेसेज. त्या दिवशी ६.४० ते ६.४५ जमणार नाही, पण निरोप देणं जमेल. दोन मिनिटं थांबणं जमेल. मूल वॉचमनकडे न सोडणं जमेल. मागच्या सीटपर्यंत जाऊन बघणं तर जमेलच. जे जमणार नाही त्यासाठी एक ओळ वेगळी लिहावी: ‘मोठा पाऊस असेल त्या दिवशी गाडी पंधरा मिनिटं आधी निघेल, तसा निरोप आदल्या रात्री येईल, आणि तरी उशीर झाला तर आम्ही वेग वाढवणार नाही.’

सगळं मिळून पत्रक असं दिसेल. वर गणपती राहू द्या.

‘आमची गाडी तुमच्या थांब्यावर ठरलेल्या पाच मिनिटांच्या आत येते आणि दोन मिनिटं थांबते. दहा मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर मावशींचा निरोप आधी येतो. मूल तुम्ही लिहून दिलेल्या माणसाच्याच हातात देतो. कुणी नसेल तर ते गाडीतच राहतं. फेरी संपली की चालक शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघतो. चालक बदलणार असेल तर आदल्या रात्री फोटो आणि लायसन्स पाठवतो. गाडी आली नाही आणि दुसरी सोयही झाली नाही, तर रिक्षाचं भाडं फीतून वजा. ताशी ४० च्या वर गाडी जाणार नाही, उशीर झाला तरीही.’

त्याखाली गाडीचा नंबर, चालकाचं नाव, आरटीओने ठरवून दिलेली आसनसंख्या, फी किती महिन्यांची आणि मे महिन्याची घेणार की नाही. शेवटची गोष्ट लपवून ठेवणारे फार आहेत आणि एप्रिलमध्ये सगळ्यांत जास्त भांडणं त्यावरूनच होतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत पत्रक छापल्याची तारीख आणि गाडीचा फिटनेस कधी संपतो ती तारीख असावी. फिटनेस सप्टेंबरमध्ये संपत असेल तर सप्टेंबर लिहावं. नवा कागद हातात आला की तो ग्रुपवर टाकावा आणि लिफ्टमधलं जुनं पत्रक स्वतः जाऊन काढावं.